फाईल मागणाऱ्या मित्राला काय सांगावे?

लोहाऱ्याहून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. नाव छापू नका, अशी त्याची विनंती आहे. सोलापूरच्या एका सीएच्या कार्यालयात तो पाच वर्षे टॅलीवर हिशेब लिहीत होता. आईची तब्येत बिघडली म्हणून ती नोकरी सोडून तो गावी आला आणि आता लोहाऱ्यातच एका दुकानाचे हिशेब पाहतो. जुन्या कार्यालयात त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मित्रानेही नोकरी सोडली असून उमरग्याला स्वतःचे कार्यालय थाटले आहे. त्या मित्राचा निरोप आला. "आपल्या भागातल्या चाळीस गिऱ्हाइकांच्या टॅलीचा बॅकअप आणि जीएसटीचे पासवर्ड तुझ्या पेनड्राइव्हमध्ये असतीलच. तेवढे पाठव."

पेनड्राइव्ह खरोखरच घरात आहे. शिवाय याच मित्राने त्याला ती नोकरी लावून दिली होती आणि आई दवाखान्यात असताना वीस हजार रुपये उसने दिले होते. पत्राच्या शेवटी तो विचारतो, "ताई, नाही म्हटले तर मी उपकार विसरलो असे चारचौघांत होईल. पाठवले तर मन खाते. काय करू?"

बाळ, आधी त्या पेनड्राइव्हमध्ये काय आहे ते नीट पाहू. एखाद्या बियाणे-खतांच्या दुकानदाराची फाईल घे. तिच्यात त्याचा पॅन आहे, आधारची प्रत आहे, बँकेचे उतारे आहेत. कोणत्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल किती दराने येतो आणि कोणाकडे किती उधारी थकली आहे, तेही आहे. शेजारच्या दुकानदाराला हे दर कळले तर याचा धंदा बसेल. पॅन-आधार भलत्याच्या हाती गेले तर त्याच्या नावावर खोटी जीएसटी नोंदणी होऊ शकते, आणि नोटीस येईपर्यंत त्या बिचाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे मित्र जे मागतो आहे ते तुझे नाही आणि खरे पाहता तुझ्या जुन्या साहेबांचेही नाही. ते त्या चाळीस माणसांचे आहे. त्यांनी ते विश्वासाने एका कार्यालयात ठेवले होते. न दिलेले घेऊ नये, हे शील आपण लहानपणापासून म्हणत आलो. इथे ज्यांनी दिलेले नाही ती चाळीस माणसे आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेलेही नाही.

मुंबईची एक गोष्ट सांगते. जिओमेट्रिक सॉफ्टवेअर ही तिथली कंपनी सॉलिडवर्क्स या अमेरिकन कंपनीच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करीत होती. त्यासाठी त्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड तिच्याकडे सोपवलेला होता. नोकरीतून बाहेर पडलेल्या एका अभियंत्याने तो कोड सॉलिडवर्क्सच्या प्रतिस्पर्ध्यांना विकू पाहिला. दिल्लीत गिऱ्हाईक म्हणून त्याच्यासमोर बसलेला माणूस अमेरिकेच्या तपास यंत्रणेचा होता. ऑगस्ट 2002 मध्ये सीबीआयने त्याला अटक केली. तिथेही माल मुंबईच्या कंपनीचा नव्हता, तिच्या गिऱ्हाइकाचा होता.

धंद्याच्या गुपितांसाठी आपल्या देशात आजही वेगळा कायदा नाही. म्हणून 'यात काही होत नाही' असे सांगणारे भेटतात. ते खरे नाही. मालकाच्या परवानगीवाचून संगणकातला डेटा उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये येते. तेच अप्रामाणिकपणे केले तर कलम 66 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सीएवर तर 1949 च्या त्यांच्या कायद्याचेच बंधन आहे. गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून त्याची माहिती बाहेर गेली तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा ठपका ठरतो. तू पाठवलेल्या एका फाईलने तुझ्या जुन्या साहेबांची सनदही अडचणीत येईल.

पण तुझ्या मित्राचा धंदा करण्याचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही, हेही लक्षात घे. नोकरी सोडल्यावर तोच व्यवसाय करू नको, अशी अट करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे सहसा टिकत नाही. पाच वर्षांत हाताला आलेले कसब त्याचे आहे आणि तुझेही. खरेदीची बिले जीएसटीआर-2बी शी कशी जुळवायची, कोणते खाते कुठे घालायचे, हे तू त्याला रात्रभर बसून शिकवलेस तरी गैर नाही. डोक्यातले कसब आपले, कार्यालयातली फाईल आपली नाही. एवढी रेघ लक्षात ठेवली की पुरे.

गिऱ्हाईक हवे असेल तर सरळ वाट आहे. मित्राने दुकानदाराकडे जावे आणि मी उमरग्याला कार्यालय उघडले आहे, असे सांगावे. दुकानदाराची इच्छा असेल तर त्याने स्वतः जुन्या कार्यालयाकडे लेखी मागणी करून आपल्या हिशेबाचा बॅकअप आणि कागद घ्यावेत. हिशेब-तपासणीचे काम नव्या सीएकडे जात असेल तर ते स्वीकारण्याआधी त्याने जुन्या सीएला पत्र लिहायचे असते. त्याच वेळी दुकानदाराने जीएसटीचा पासवर्ड बदलावा. आपल्या भागात पुष्कळदा नोंदणीवर हिशेबनिसाचाच मोबाईल नंबर असतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. तो बदलून दुकानदाराने स्वतःचा नंबर घालावा.

आता नाही कसे म्हणायचे? 'पेनड्राइव्ह हरवला' असे सांगू नकोस. तसे म्हटले की तुझी तयारी आहे, फक्त वस्तू नाही, असा अर्थ होतो. मग तो म्हणेल, "आत अजून अमका काम करतो, त्याच्याकडून मागव." उपदेशही करू नकोस. एवढेच लिही: "दादा, ही गिऱ्हाइकांची माहिती आहे, ती मला देता येणार नाही. दुकानदार स्वतः मागतील तर त्यांना कार्यालयातून मिळेल. काम शिकायला मदत लागली तर रविवारी येतो." हे लेखी राहू दे. उद्या माहिती दुसरीकडून फुटली तर तू नकार दिला होतास याला पुरावा राहील. तो पुन्हा म्हणाला, "बरं, निदान नावे आणि फोन नंबर तरी दे," तरी उत्तर तेच. यादीही फाईलच आहे.

पेनड्राइव्ह उघडू नकोस आणि गुपचूप पुसूही नकोस. जुन्या साहेबांना पत्र लिही की काम सोडताना हा माझ्याकडे राहून गेला, परत करतो. पोच घे. घरच्या संगणकात किंवा ईमेलमध्ये काही उरले असेल तर तेही त्याच पत्रात कळव आणि ते सांगतील तसे कर. साहेब रागावतील, कदाचित दोन शब्द ऐकावे लागतील. ते आज ऐकणे बरे.

राहिले वीस हजार. ते कर्ज आहे आणि ते पैशानेच फिटते. दर महिन्याला दोन हजार दिलेस तर दहा महिन्यांत फिटेल. पहिला हप्ता नकार कळवशील त्याच आठवड्यात नेऊन दे. मित्र काही दिवस बोलणार नाही, तेही सोसावे लागेल. पण त्या चाळिसांतला कोणी लोहाऱ्याच्या बाजारात भेटला तर तुला मान खाली घालावी लागणार नाही.