पहिल्यांदा माईकसमोर उभे राहताना

दसरा उरकला की आपल्या बीदर-कलबुर्गी भागातल्या शाळांमधून 1 नोव्हेंबरच्या राज्योत्सवाची तयारी सुरू होते. पुढे स्नेहसंमेलन येते, 26 जानेवारी येतो. घरात मराठी आणि शाळेत कन्नड, अशा घरांतून या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलाला किंवा मुलीला सगळे पाठ असते, घरी घडाघडा म्हणून दाखवते, पण चार लोकांसमोर उभे केले की तोंडातून शब्द फुटत नाही. सकाळी पोट दुखते, हात गार पडतात. आई म्हणते, “पाठांतर कच्चे आहे.” आजी म्हणते, “दृष्ट लागली.” दोन्ही कारणे बहुतेक वेळा खरी नसतात.

आपल्याकडे एकदम शंभर डोळे लागले की मेंदूला ते संकट वाटते आणि शरीर पळण्याच्या तयारीला लागते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, गुडघे कापतात. हा आजार नव्हे. मात्र या गडबडीत नीट पाठ केलेलेही वेळेवर सापडत नाही. म्हणून पाठांतर वाढवण्याइतकेच हे शरीर ओळखीचे करून घेणेही गरजेचे असते.

गेल्या वर्षी भालकी तालुक्यातल्या माझ्या भाचीच्या मुलीबरोबर मी हे तीन आठवडे करून पाहिले. ती चौथीत होती. बसवण्णांचे एक छोटे वचन तिला राज्योत्सवात म्हणायचे होते. वर्गातल्या पहिल्या चाचणीत ती तिसऱ्या ओळीवर थांबली ती थांबलीच.

सुरुवात पाठांतरापासून केली. तिला वचन येत होते, पण फक्त पहिल्या शब्दापासून. चौथी ओळ विचारली की ती मनात पहिलीपासून धावत यायची. असे पाठांतर माळेसारखे असते. एक मणी निसटला की सगळी माळ विस्कटते आणि परत जोडायला धागा सापडत नाही. मी प्रत्येक ओळीच्या पहिल्या शब्दाची एकेक चिठ्ठी केली. चिठ्ठी उचलायची आणि तिथून शेवटपर्यंत म्हणायचे. पुस्तक बघून दहा वेळा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून तीन वेळा आठवणे जास्त टिकते. म्हणून सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा आणि झोपताना एकदा, एवढेच ठेवले. चार-पाच दिवसांत ती कुठल्याही ओळीपासून सुरू करू लागली. पाठांतर पक्के झाल्याची खूण हीच.

आपल्या मराठी मुलांची आणखी एक अडचण असते, ती उच्चारांची. मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो. कन्नडात तो पुरता म्हणावा लागतो. कन्नडात ‘मर’ म्हणजे झाड, पण आपल्या पद्धतीने म्हटले की ते ‘मरून जा’ असे ऐकू येते आणि वर्ग हसतो. ए आणि ओ यांचे कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन उच्चार आहेत. ‘ओंदु’ म्हणजे एक, त्यातला ओ ऱ्हस्व. ‘ओदु’ म्हणजे वाच, त्यातला ओ दीर्घ. देवनागरीत लिहून घेतले की हा फरक पुसला जातो. हसू होईल ही भीती मुलांच्या मनात बरेचदा याच जागी असते. म्हणून वचन कन्नड लिपीतूनच वाचायचे आणि कन्नड घरातल्या कुणाकडून सावकाश म्हणवून घ्यायचे. आम्ही शेजारच्या अक्कांना विचारले. अडणारे शब्द पाचच निघाले. ते तेवढे वेगळे घोटले आणि वचनाचा अर्थ तिला मराठीत सांगितला. अर्थ ठाऊक असला की शब्द विसरला तरी पुढची वाट दिसते.

दुसरी गोष्ट श्वासाची. “खोल श्वास घे” असे आपण सहज सांगतो आणि मूल खांदे वर उचलून भराभर हवा ओढते. अशाने उलट चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, कारण भराभर श्वासाने अंगातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. महत्त्व श्वास सोडण्याला आहे. श्वास बाहेर जाताना नाडी थोडी मंद होते. मनगटावर बोट ठेवून पाहिलेत तर बऱ्याच मुलांत हे हाताला कळते.

पद्धत अशी. एक हात पोटावर ठेवायचा. नाकाने तीन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा. पोट वर यावे, खांदे हलू नयेत. मग गरम दुधावर फुंकर घालतो तसा ओठांतून पाच अंक मोजेपर्यंत सोडायचा. मध्ये रोखून धरायचा नाही. असे पाच वेळा, म्हणजे मिनिटभरही लागत नाही. हे शांत असताना रोज दोनदा करावे लागते. कार्यक्रमाच्या दिवशी प्रथमच शिकवले तर उपयोग होत नाही. आणि श्वासाने भीती जात नाही, थोडी उतरते. तेवढ्याने पहिली ओळ तोंडातून निघते, आणि अवघड असते ती पहिली ओळच.

तिसरी आणि मुख्य गोष्ट पायऱ्यांची. 1924 साली न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची हकीगत छापली. तो सशाला भ्यायचा. त्याला समजावून किंवा रागावून काही साधले नसते. बाईंनी पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवला आणि पीटरला आवडीचा खाऊ दिला. पुढे पिंजरा थोडा थोडा जवळ आणला, मग ससा मोकळा सोडला. सशाला न भिणारी मुलेही सोबत खेळत होती. मध्येच पीटर आजारी पडून दवाखान्यात गेला, परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि भीती पुन्हा उसळली. बाई मागच्या पायरीवर गेल्या आणि पुन्हा चढल्या. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

आम्ही तशाच पायऱ्या कागदावर लिहिल्या. भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे पळून जावेसे वाटणे. पहिली पायरी, आई पाठमोरी बसलेली. दुसरी, आई आणि आजी समोर. तिसरी, शेजारचे चार-पाच जण. चौथी, सुट्टीच्या दिवशी शाळेच्या रिकाम्या पटांगणात, ठरलेल्या जागी उभे राहून. पाचवी, आपला वर्ग. सहावी, सकाळची प्रार्थना. सातवी, कार्यक्रम. एका पायरीवर एकदा म्हणून पुढे पळायचे नाही. तिथेच पुन्हा पुन्हा म्हणायचे, गुण निम्म्यावर येईपर्यंत. मगच पुढे जायचे.

दुसरी पायरी दोन दिवसांत झाली. तिसऱ्या पायरीला गुण आठवर गेले आणि तिला रडू आले. अशा वेळी घरचे दोनपैकी एक काहीतरी करतात. “राहू दे” म्हणून मुलाला आत पाठवतात, किंवा “म्हणच” म्हणून अडवून ठेवतात. आत पाठवले की पळण्याने सुटका होते हे मन शिकते आणि पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. अडवले तर पायरीच नकोशी होते. आम्ही पायरीचेच दोन तुकडे केले. ती दाराआडून म्हणाली, पाहुणे ओसरीवर बसून ऐकत राहिले. तीनदा म्हटल्यावर गुण चारवर आले. दुसऱ्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

माईक ही एक वेगळीच पायरी आहे. आपलाच आवाज मोठा होऊन कर्ण्यातून परत आला की मूल दचकते. शाळेत विनंती करून आदल्या दिवशी दोन ओळी माईकवर म्हणवून घ्या. तोंड माईकपासून वीतभर दूर राहावे, आणि आपला आवाज परत येईल हे आधीच सांगावे.

कार्यक्रमाच्या सकाळी हलके खाणे, थोडे पाणी आणि वेळेवर लघवीला जाऊन येणे एवढे पुरे. “घाबरू नकोस”, “हेदरबेड” हे शब्द टाळा; ते ऐकून मुलाला भीतीचीच आठवण होते. 2014 साली ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी छापलेल्या प्रयोगांत भाषणाआधी “मी शांत आहे” म्हणणाऱ्यांपेक्षा “मला उत्साह आलाय” म्हणणाऱ्यांचे भाषण सरस ठरले. प्रयोग मोठ्या माणसांवर होते, पण कारण समजण्यासारखे आहे. धडधडते हृदय एकदम शांत होत नाही. त्या धडधडीला दुसरे नाव मात्र देता येते. आणखी एक गोष्ट मुलाला जरूर सांगा. आपली भीती आपल्याला वाटते तितकी समोरच्याला दिसत नाही. 2003 साली सॅवित्स्की आणि गिलोविच या अभ्यासकांना असे दिसले की, ही गोष्ट आधी सांगितलेले वक्ते अधिक चांगले बोलले.

विसरले तर काय करायचे हेही ठरवून ठेवावे. थांबायचे, एक लांब श्वास सोडायचा, आठवेल त्या पुढच्या ओळीपासून सुरू करायचे. माफी मागायची नाही, आईकडे पाहायचे नाही. याचीही घरी तालीम होते. आईने मध्येच भांडे पाडावे, मुलाने थांबून पुन्हा धरावे.

1 नोव्हेंबरला भाचीची मुलगी चौथ्या ओळीपाशी थांबली. खाली आमचा श्वास अडकला. तिने मात्र आपला सोडला आणि वचन पुरे केले. गुण किती, म्हणून नंतर विचारले. “पाच,” म्हणाली. शून्य झाले नव्हते आणि व्हायला हवे असेही नाही. पाचवर असताना म्हणता आले, हेच तिने कमावले.

ही रीत सगळ्यांना पुरत नाही. घरी भरपूर बोलणारे मूल शाळेत महिना-महिना कुणाशीच बोलत नसेल, भीतीने रोज उलट्या होत असतील किंवा शाळाच नको म्हणत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना दाखवावे. तोतरेपणा असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ लागतात.

आणि एकदा जमले म्हणून सोडून देऊ नका. पीटरची भीती मध्ये परतली तशी ही देखील परतते. महिन्यातून एखाद-दोनदा घरी पाहुण्यांसमोर काहीतरी म्हणवून घ्या. कर्नाटकातल्या शाळांची ‘प्रतिभा कारंजी’ आहेच. त्यात कंठपाठाची स्पर्धा असते आणि ती आधी जवळच्या शाळांच्या गटात, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला अशी चढत जाते. मूल पहिल्या पायरीवर उभे राहिले की पुढच्या पायऱ्या तिथे आयत्या मिळतात.