कढईंतील धूर आणि घरचें तेल

घाण्याचें तेल चांगलें कीं रिफाइंड चांगलें, असा वाद हल्लीं घरोघर ऐकूं येतो. माझ्या अल्प मतें ही मांडणीच चुकीची आहे. कोणतें तेल कोणत्या कामास योग्य, असें विचारावयास हवें. आणि त्याचा निवाडा बराचसा तेलाच्या धूरबिंदूवर होतो. तेल तापवीत असतां ज्या उष्णमानास त्यावरून निळसर धूर सतत निघूं लागतो, तो त्याचा धूरबिंदु होय.

गेल्या दिवाळींत माझ्या घरीं घडलेला प्रकार सांगतों. शेतांतील भुईमुगाचे दाणे लाकडी घाण्यावर देऊन तेल काढून आणिलें, आणि दोनच दिवसांनीं त्यांत चकल्या तळावयास घेतल्या. तिसऱ्या घाण्यास स्वयंपाकघर धुरानें भरलें. डोळे चुरचुरूं लागले, घसा खवखवूं लागला आणि चकल्यांस कडवट वास आला. घाणेवाल्यानें भेसळ केली, असा सर्वांचा तर्क झाला. परंतु दोष त्याचा नव्हता.

घाण्याच्या तेलांत दाण्याचा बारीक गाळ व कांहीं मोकळीं स्निग्धाम्लें राहतात, आणि धूर प्रथम त्यांचाच होतो. म्हणून न शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलाचा धूरबिंदु सुमारें १६० अंश सेल्सिअस असतो. तेंच तेल कारखान्यांत शुद्ध केलें म्हणजे हीं द्रव्यें जातात, आणि धूरबिंदु सुमारें २३० अंशांवर जातो. चकलीस १७० ते १८० अंशांचें तेल लागतें, पुरीस त्याहून थोडें अधिक. अर्थात् आमची कढई आरंभापासूनच मर्यादा ओलांडून गेली होती. डोळ्यांस झोंबणारा पदार्थ म्हणजे तेल फुटून निर्माण होणारें ऍक्रोलीन होय.

यांत आमचाही अपराध होता. चांगले दाणे आम्ही बाजारांत विकले, आणि फुटके, सुरकुतलेले, ओल लागलेले तेवढे घाण्यास दिले. ओल्या व फुटक्या दाण्यांत हीं अम्लें वाढतात, व धूरबिंदु आणखी खालीं येतो. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, ओल लागलेल्या दाण्यांवर बुरशी धरते, आणि तिच्यांतील अफ्लाटॉक्सिन हें विष तळण्याच्या उष्णतेनें भरंवशानें नाहींसें होत नाहीं. रिफाइंड करतांना तें बहुतेक निघून जातें. घाण्याच्या तेलांत कांहीं अंशीं उतरतें, आणि त्याचा मोठा भाग पेंडींत राहून गुरांच्या पोटांत व पुढें दुधांत जातो. तेव्हां बुरशीचा दाणा तेलासही देऊं नये व पेंडीसही देऊं नये. जो दाणा आपण मुलांस खावयास देऊं, तोच घाण्यास द्यावा.

मग घाण्याचें तेल टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. फोडणीस दोन चमचे तेल लागतें व तें घटकाभरही तापत नाहीं. मोहरी तडतडली कीं हिंग-हळद घालून लगेच कांदा वा भाजी टाकावी. भाजींतील पाण्यामुळें तेलाचें उष्णमान झपाट्यानें उतरतें. बंगालकडे मोहरीच्या तेलाचा उग्रपणा जाण्यासाठीं तें धूर येईपर्यंत तापवितात. आपल्या शेंगदाणा तेलास त्याची कांहींच गरज नाहीं. धुराची वाट पाहणें म्हणजे ज्या वासासाठीं घाण्याचा दर दिला तो वास जाळून टाकणें होय. परतण्यासही मंद आंचेवर हेंच तेल उत्तम. मात्र आणल्यावर आठ दिवस स्थिर ठेवून वरचें नितळ तेल काढून घ्यावें, तळचा गाळ कढईंत येऊं देऊं नये.

दिवाळीच्या दीर्घ तळणास मात्र रिफाइंड शेंगदाणा तेल घ्यावें. येथें कोणी म्हणेल, रिफाइंड करडईचा धूरबिंदु याहूनही अधिक आहे, मग तेंच कां घेऊं नये? परंतु धूरबिंदु हा एकच निकष नव्हे. करडईच्या सामान्य तेलांतील स्निग्धाम्लें दीर्घकाळ तापविल्यास धूर न दिसतांही हवेशीं संयोग पावून लौकर बिघडतात. शेंगदाण्याचें तेल त्या मानानें अधिक टिकतें.

आणखी एक सूचना. प्रत्येक तळणाबरोबर धूरबिंदु खालीं उतरतो. पहिल्यापेक्षां लौकर धूर येऊं लागला, फेस बसेनासा झाला, तेल दाट व काळसर दिसूं लागलें, म्हणजे त्याचें आयुष्य संपलें असें समजावें. त्यांत नवें तेल ओतून तें सुधारत नाहीं. उपाहारगृहांच्या तेलांतील विघटित पदार्थांस सरकारनें १ जुलै २०१८ पासून शेंकडा २५ ची मर्यादा घातली आहे. आपल्या कढईवर निरीक्षक येत नाहीं, म्हणून ती देखरेख आपणच करावी.

यंदा आमच्या घरीं दोन डबे आहेत: फोडणीस निवडक दाण्यांचें घाण्याचें तेल, आणि तळणास रिफाइंड. खर्च थोडा विभागला गेला खरा. पण या दिवाळींत चकल्या तळतांना कोणाच्या डोळ्यांस पाणी आलें नाहीं.