कॅलेंडर म्हणजे दिनदर्शिका नव्हे

परिभाषेचा विषय निघाला की आपल्याकडे ताबडतोब दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, प्रत्येक इंग्रजी शब्दाला संस्कृत वळणाचा प्रतिशब्द हवाच. दुसरा म्हणतो, हा उपद्व्याप हवाच कशाला? इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले की भागले! एका कागद कारखान्यातील उमेदवार कामगारांसाठी मराठी पुस्तिका तयार होत आहे. तिच्या भाषांतराला मी सध्या हातभार लावीत आहे. या कामातून माझे मत असे बनले आहे की, यंत्राचे नाव कोणत्या भाषेत असावे हा प्रश्न दुय्यम आहे. ते यंत्र काय करते, हे मराठीत नेमके सांगता येते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

सर्वांत सोपा वाटणारा शब्द 'पल्प'. बांबू किंवा लाकूड शिजवून सुटे केलेले तंतू म्हणजे पल्प. त्याला 'लगदा' हा जुना, सुरेख शब्द आहे. पण 'लगदा' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कागदी मुखवट्यांचा घट्ट गोळा येतो. कागदयंत्रावर येतो तो लगदा मात्र पातळ ताकासारखा असतो. शंभर किलोंत तंतू जेमतेम एक किलो किंवा त्याहूनही कमी, बाकी सारे पाणी. म्हणून यंत्रापाशी 'पातळ लगदा' असे म्हणणे भाग पडते.

हा पातळ लगदा प्रथम 'हेडबॉक्स'मध्ये येतो. कोशाच्या आधाराने कोणी याचे 'शीर्षपेटी' करील. पण इथल्या 'हेड'चा मस्तकाशी संबंध नाही. पाणी जितके उंच साठवावे तितका त्याचा दाब वाढतो, त्या दाबाला अभियंते 'हेड' म्हणतात. या दाबाने लगदा एका लांब, अरुंद फटीतून यंत्राच्या संपूर्ण रुंदीवर सारख्या पातळ धारेने बाहेर पडतो. कामगार सगळे 'हेडबॉक्स'च म्हणतात, तेव्हा नाव तेच राहू द्यावे. पण शेजारी 'दाबपेटी' असे लिहिले, तर तिचे काम लगेच कळते.

ही धार पडते ती 'वायर'वर. हिचे भाषांतर 'तार' केले तर उमेदवार तार शोधीत बसेल! वायर म्हणजे अखंड फिरणारी बारीक जाळी. पूर्वी ती पितळ-काशाच्या तारांची विणीत, म्हणून हे नाव पडले. आता ती बहुधा पॉलिएस्टरच्या धाग्यांची असते, पण नाव चिकटून राहिले. हिच्यातून पाणी निथळते आणि वर तंतूंचा ओला थर उरतो. जाळीवर सुरुवातीला पाणी आरशासारखे चकाकते. पुढे एका ठिकाणी ती चकाकी मावळते आणि पृष्ठभाग मंद दिसू लागतो. ही सीमारेषा अनुभवी कामगार सतत पाहत असतो. ती पुढे सरकली, तर निचरा मंदावला किंवा पाणी जास्त झाले. ती वाकडीतिकडी झाली, तर धार सर्वत्र सारखी पडत नाही, असा संशय घ्यावा. इंग्रजीत या रेषेला कोणी 'ओली रेषा' म्हणतात, तर कोणी 'कोरडी'! मराठीत सरळ 'चकाकी मावळण्याची रेषा' म्हटले, तर शब्द थोडे अधिक होतात, पण नवख्या मुलाला कुठे पाहायचे ते कळते.

पुढे कागद दाबला जातो, वाफेने तापलेल्या नळकांड्यांवर वाळतो आणि 'कॅलेंडर'मध्ये येतो. या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील नळकांडे या अर्थाच्या शब्दात आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरशी त्याचे नाते नाही. एकमेकांवर दाबलेल्या गुळगुळीत रुळांमधून कागद जातो आणि त्याला सफाई येते. या क्रियेला आपल्याकडे शब्द आहे: 'घोटणे'. हातकागद करणारे कारागीर दगडाने कागद घोटीत असत. तेव्हा कॅलेंडर म्हणजे 'घोटणारे रूळ'.

इथेच भाषांतराची खरी कसोटी लागते. दोन रूळ परस्परांकडे फिरत जिथे भेटतात, त्या जागेला इंग्रजीत 'निप' म्हणतात. कोश पाहून 'चिमटा' लिहावे, तर तो शब्द किती निरुपद्रवी वाटतो! प्रत्यक्षात ती जागा हात आत ओढून घेते. चालू रुळावर फडके फिरविणाऱ्याला हात सोडविण्यास सवडही मिळत नाही. 'ही जागा उसाच्या चरकाच्या तोंडासारखी आहे. यंत्र चालू असता हात किंवा फडके जवळ नेऊ नये,' असे लिहिले की, आमच्याकडच्या कोणत्याही मुलाला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

समान परिभाषेने ग्रंथांत शिस्त येते, हे प्राध्यापक मंडळींचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु कामगाराच्या पुस्तिकेत नावे यंत्रावर लिहिलेली तीच ठेवावीत आणि निथळणे, वाळणे, घोटणे, ओढले जाणे ही क्रियापदे मात्र कटाक्षाने मराठी असावीत. 'कागद' हा शब्दही फारसीतून आलेला आहे, आणि त्याने मराठीचे काही बिघडलेले नाही. 'लगदा वायरवर ड्रेन होतो' या वाक्यातल्या 'वायर'ने मराठी बिघडत नाही. बिघडते ती 'ड्रेन होतो'ने, कारण 'निथळतो' हा शब्द घरात असताना तो आपण वापरला नाही.