फुंकर शून्य आली म्हणजे चालक शुद्धीत?

भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकचालक मशीनमध्ये फुंकर मारतो, शून्य येते, गाडी पुढे जाते. त्याने नशेसाठी कोडीनचे खोकल्याचे औषध ढोसले असेल, तर मशीनला ते कळतच नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूला आकडा आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. अमली पदार्थांना आकडा नाही. तिथे चालक गाडी ताब्यात ठेवायला असमर्थ होता, हे दाखवावे लागते.

आमच्या मोहल्ल्यात यावर एकच उत्तर मिळते: हराम ते हराम, मर्यादा शून्य ठेवा. दारूला मीही हात लावत नाही, पण हे उत्तर मला पटत नाही. दारू रक्तातून बऱ्यापैकी ठरावीक गतीने उतरते, म्हणून आकड्यावरून नशेचा अंदाज येतो. गांजा चरबीत मुरतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत नशा उतरल्यावरही कित्येक दिवस खुणा सापडतात. शून्याचा नियम मागच्या आठवड्याचे पाप आजच्या स्टेअरिंगवर पकडतो. पापाचा हिशेब अल्लाहकडे आहे, वाहतूक पोलिसाने आजची शुद्ध तपासावी.

ब्रिटनने २०१५ मध्ये दोन मापे लावली. गांजातल्या टीएचसीला लिटरभर रक्तात २ मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळजवळ शून्यच. डायझेपाम या औषधाला मात्र ५५०, आणि डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्याला बचावही. गांजाबाबत ते चुकले असे मी म्हणेन. पण औषधांना मोजलेली मर्यादा आपणही ठरवावी, कोडीनपासून सुरुवात करून. तोवर पोलिसाने चालकाची चाल, बोलणे, बाहुल्या जागेवरच नोंदवून रक्त लगेच घ्यायला लावावे. सकाळपर्यंत थांबले की पुरावा ओसरलेला असतो.