नीमचा पाट: साडेबारा मीटरचा हिशेब

रोमन जलवाहिन्यांचे कौतुक करताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते: उगमापासून शहरापर्यंत उतार एकसारखा. मला विचाराल तर खरी हुशारी उतार कमीजास्त करण्यातच होती.

फ्रान्समधल्या नीम शहराचे उदाहरण घ्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकात उझेसजवळच्या झऱ्याचे पाणी तिथे आणले गेले. सरळ अंतर वीसेक किलोमीटर. पण टेकड्यांना वळसे घालत पाट गेला पन्नास किलोमीटर, आणि दोन टोकांच्या उंचीत फरक फक्त साडेबारा मीटर. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी 25 सेंटीमीटर.

हे मोजायचे कसे? व्हिट्रुवियसने 'कोरोबेटस' नावाच्या साधनाचे वर्णन केले आहे. वीस फूट लांबीची लाकडी पट्टी, दोन्ही टोकांना पाय आणि ओळंबे. वाऱ्याने ओळंबे हलू लागले तर पट्टीवरच्या खाचेत पाणी भरायचे आणि त्यावरून पातळी बघायची. आता या सहा मीटरच्या पट्टीत एकच मिलिमीटर फरक राहिला आणि प्रत्येक वेळी तो एकाच बाजूला पडत गेला, तर किलोमीटरला 17 सेंटीमीटरची चूक होते. सरासरी उतार 25 सेंटीमीटर असताना ही चूक कुठल्या कुठे नेईल! त्यावर साधा इलाज आहे: पट्टी टोके बदलून ठेवायची, पुन्हा मोजायचे आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यायची. साधनातला दोष आपोआप कटतो.

वाटेत गार्दाँ नदीची दरी आडवी येते. तिच्यावरचा तीन मजली 'पाँ द्यू गार' पूल जवळजवळ 49 मीटर उंच आहे. पुलापर्यंत पाटाची साधारण एक तृतीयांश लांबी संपते, पण उपलब्ध उतारापैकी निम्मा तिथवरच खर्च केलेला आहे. सगळीकडे सारखाच उतार ठेवला असता तर, सरासरीचा हिशेब मांडून पाहा, पूल दोनेक मीटर तरी आणखी उंच बांधावा लागला असता.

किंमत पुढे मोजावी लागली. पुलानंतरच्या चौतीसेक किलोमीटरांसाठी उरले जेमतेम सहा मीटर. काही टप्प्यांत उतार किलोमीटरला सात सेंटीमीटरवर आला. एवढ्या मंद उतारावर पाणी रेंगाळते आणि मागे तुंबते. पुलावरच्या पाटाच्या भिंती नंतर वाढवलेल्या आढळतात, त्या याचमुळे. त्यात उगमाचे पाणी चुनखडीतले. त्यातला चुना भिंतींवर साचत गेला आणि पाट आतून अरुंद होत गेला. साफसफाई थांबल्यावर तर काही ठिकाणी हा थर अर्ध्या मीटरच्या जवळ पोचला.

तरीही माझे मत त्या अभियंत्याच्याच बाजूने आहे. भिंत वाढवणे आणि चुना खरवडणे शक्य होते. 49 मीटरांवर आणखी दोन मीटर पूल चढवणे महागात पडले असते.