काचेतील चित्र आणि काचेवरील छाया

पेढीवर टांगलेल्या सम्मेदशिखरजींच्या जुन्या चित्राचा फोटो घेताना त्यात दिवा, खिडकी आणि आपला मोबाइलच उमटतो. चित्र काचेला चिकटले असेल, तर चौकटीतून काढू नये. रंग काचेवरच राहण्याची भीती असते. काच समोरचे उजळ तेवढे दाखवते, म्हणून समोर काळोख निर्माण करावा. फ्लॅश व दिवे बंद ठेवून खिडकीचा उजेड चित्रावर बाजूने पडू द्यावा. मोबाइलपुढे चमक नसलेले काळे कापड ताणून धरावे. छिद्रातून केवळ भिंग डोकावावे. कापड चौकटीच्या दुप्पट लांब-रुंद हवे. १२ बाय १८ इंची चित्रास २४ बाय ३६ इंची. फोटो मोठा करून पाहावा. कडेला पांढुरकी झाक दिसल्यास कापड त्या बाजूला अपुरे पडले, असे समजावे.