समुद्र महाराष्ट्राचा, मग क्षेत्रफळात का नाही? जाणून घ्या १२ सागरी मैलांचं गणित

राधानगरीहून दाजीपूर मागे टाकून फोंडा घाट उतरलं की तासा-दोन तासांत मालवण किंवा देवगडचा किनारा लागतो. समोर दिसणारं पाणी महाराष्ट्राचंच, असं आपण धरून चालतो. पण राज्याचं क्षेत्रफळ म्हणून छापला जाणारा ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा आकडा पाहिला, तर त्यात या समुद्राचा थेंबही नाही. गंमत म्हणजे राधानगरी धरणातलं पाणी मात्र त्यात आहे.

धरण मोजलं, समुद्र सोडला

भारतात भौगोलिक क्षेत्रफळ मोजताना नद्या, तलाव, धरणं धरली जातात. कारण त्याखालची जमीन कुठल्या ना कुठल्या गावाच्या हद्दीत येते. किनाऱ्यापलीकडचा समुद्र कुठल्याच गावाच्या सातबाऱ्यावर नाही. समुद्रातली बेटं मोजली जातात. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट क्षेत्रफळात आहे, पण मालवण जेटीवरून तिथे जाताना होडी ज्या पाण्यावरून जाते, ते नाही.

देशाच्या सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटरच्या आकड्यालाही हाच नियम लागू आहे.

मग हद्द कुठपर्यंत?

१९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत भारताचा प्रादेशिक समुद्र आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे ही पट्टी साधारण २२ किलोमीटर रुंद झाली. हा कायदा देशाची हद्द सांगतो, दोन राज्यांमधली रेषा समुद्रात आखत नाही. रेडीच्या पुढे गोवा सुरू होतो, हे जमिनीवर पाटी बघून कळतं. पाण्यात तशी पाटी नाही.

ही पट्टी राज्याच्या आकड्यात धरली तर किती भर पडेल? अनेकजण इथे ७२० किलोमीटर किनारा गुणिले २२ असा हिशेब करून सुमारे १६ हजार चौरस किलोमीटर काढतात. तो चुकतो. ७२० मध्ये प्रत्येक खाडीचं वळण धरलेलं आहे, समुद्रातली पट्टी तशी वळत नाही. सरळ रेषेत आपला किनारा साधारण ५०० किलोमीटर भरतो. त्याला २२.२ ने गुणलं की सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर येतात. आकडा ढोबळ आहे, पण ७,६८५ चौरस किलोमीटरच्या अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा मोठा आहे.

याच कारणाने अलीकडचा एक गोंधळही सुटतो. केंद्राने किनाऱ्याची नव्याने मोजणी केली आणि महाराष्ट्राचा किनारा जुन्या यादीतल्या ६५२.६ वरून ८७७.९७ किलोमीटर झाला. सोशल मीडियावर ‘राज्य वाढलं’ अशा पोस्ट फिरल्या तर त्यावर विश्वास ठेवू नका. आधी १:४५ लाख प्रमाणाच्या नकाशावर मोजलं होतं, आता १:२.५ लाखावर. नकाशा बारीक झाला की आधी न दिसलेली वळणं मोजली जातात आणि लांबी वाढते. जमीन होती तेवढीच राहते.

हक्क कोणाचा?

क्षेत्रफळात नाही म्हणजे राज्याचा काहीच अधिकार नाही, असंही नाही. मासेमारी हा राज्यसूचीतला विषय आहे. प्रादेशिक समुद्राबाहेरची मासेमारी तेवढी केंद्राकडे. म्हणून १२ सागरी मैलांच्या आत पर्ससीन किंवा परराज्यातल्या ट्रॉलरवर कारवाई होते ती महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली.

समुद्रतळाचं मात्र वेगळं. राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार प्रादेशिक समुद्राच्या तळाखालची जमीन आणि खनिजं केंद्राची. थोडक्यात, मासा राज्याच्या कायद्यात आणि त्याच्या खालचं तेल केंद्राचं. मुंबई हाय तर किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, म्हणजे या पट्टीच्याही बाहेर. जमिनीवरच्या विहिरींसाठी आसाम, गुजरातला रॉयल्टी मिळते, मुंबई हायची मात्र केंद्राकडे जाते, ती यामुळे.

करवसुलीत पुन्हा तिसराच नियम. या १२ मैलांत एखादी सेवा दिली तर जीएसटीसाठी ठिकाण कुठलं? एकात्मिक जीएसटी कायद्याचं कलम ९ सांगतं, आधाररेषेवरचा सर्वात जवळचा बिंदू ज्या राज्यात, ते राज्य. समजा रेडीसमोर समुद्रात एखाद्या बार्जवर काम झालं. तिथून सर्वात जवळचा बिंदू महाराष्ट्रात असेल तर कर महाराष्ट्राचा, बार्ज थोडा दक्षिणेला सरकून तो बिंदू गोव्यात गेला तर गोव्याचा. क्षेत्रफळाच्या आकड्याचा इथे काही संबंध येत नाही.

सगळीकडे असंच मोजतात?

नाही. अमेरिकेत राज्याच्या एकूण क्षेत्रफळात किनाऱ्यालगतचं पाणीही धरतात. मिशिगनचं एकूण क्षेत्रफळ सुमारे २.५ लाख चौरस किलोमीटर दिसतं, पण त्यातली जमीन जेमतेम १.४६ लाख. बाकी बहुतेक मोठ्या सरोवरांचं पाणी. त्यामुळे मोबाइलवर दोन प्रदेशांचे आकडे शेजारी ठेवताना ‘एकूण’ आणि ‘जमीन’ हे दोन रकाने आधी पाहावे लागतात. आपल्या जिल्ह्यांच्या आकड्यांत तो प्रश्न येत नाही. सिंधुदुर्गचे ५,२०७ चौरस किलोमीटर किनाऱ्यावर संपतात.